‘धडा १ आणि २’

दहावीच्या वर्गाला विज्ञान शिकवताना पहिल्या घटक चाचणीची सूचना मी बरीच वर्षं एकाच वाक्यात देत आले. तास संपायला दोन मिनिटं राहिली की डस्टर हातात घेऊन म्हणायचे, “मंगळवारी चाचणी, धडा १ आणि २, वीस गुण, अभ्यास करून या.” मुलं वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घ्यायची, घंटा व्हायची. सूचना दिली याचं मला समाधान असायचं. धडे शिकवून झालेले असतात, पुस्तक मुलांकडे असतं, आता आणखी काय सांगायचं, असंच वाटायचं.

ते वाटणं मोडलं २०१९ च्या जुलैत. पाठ्यपुस्तक तेव्हा बदलून एकच वर्ष झालं होतं. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मधला पहिला धडा गुरुत्वाकर्षण, दुसरा मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण. पहिल्या धड्यात एक सोडवलेलं उदाहरण आहे. पृथ्वीवर एका व्यक्तीचं वजन ७५० न्यूटन आहे, तर चंद्रावर किती? चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या ८१ व्या भागाइतकं आणि त्रिज्या पृथ्वीच्या ३.७ व्या भागाइतकी धरायची. उत्तर १२६.८ न्यूटन. मी चाचणीत हेच उदाहरण घातलं, फक्त ७५० च्या जागी ५४० केले.

पेपर तपासताना एका मुलीची उत्तरपत्रिका हातात आली. अक्षर मोत्यासारखं, समास आखलेला, सूत्र बरोबर. दिलेल्या माहितीत तिने ५४० न्यूटन लिहिले होते. पुढच्या पायऱ्याही पुस्तकातल्याच क्रमाने उतरल्या होत्या. शेवटी चौकटीत उत्तर होतं: १२६.८ न्यूटन. मी लाल पेन खाली ठेवलं. ५४० चा साधारण सहावा भाग ९० येतो, नेमकं उत्तर ९१ च्या जरासं वर. ते गणित तिला तोंडीसुद्धा जमलं असतं. तिने अभ्यास केला नव्हता असं नाही, उलट खूप केला होता. धडा १ तिने अक्षरशः पाठ केला होता, कारण ‘धडा १ आणि २’ या सूचनेचा तिने लावलेला अर्थ तोच होता. दुसरा अर्थ मी तिला दिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावून विचारलं, “बाळा, हे उत्तर कसं आलं?” ती म्हणाली, “बाई, गणित तेच होतं ना?” तेव्हापासून सूचना देण्याचा तास मी वेगळा ठेवते. पूर्ण तास, पस्तीस मिनिटं.

बी.एड.ला आम्हाला संविधान तक्ता करायला शिकवलं होतं. आडव्या ओळीत उद्दिष्टं, म्हणजे ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य; उभ्या रकान्यात घटक; आणि प्रत्येक चौकटीत किती गुणांचा, कोणत्या प्रकारचा प्रश्न ते. नोकरीत आल्यावर हा तक्ता बहुतेक वेळा पेपर काढून झाल्यावर फाईलसाठी भरला जातो. मी आता तो आधी करते आणि त्यावरून सूचना लिहिते. पेपर सगळ्यात शेवटी काढते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण पेपर आधी काढला की सूचना देताना जीभ आपोआप त्या प्रश्नांकडे वळते. मुलं चेहरा वाचण्यात तरबेज असतात. केप्लर म्हणताना बाई दोनदा थांबल्या, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं.

स्वरूप मी फळ्यावर लिहून देते. वीस गुण, एक तास. पहिला प्रश्न एकेका गुणाचे पाच उपप्रश्न: योग्य पर्याय, जोड्या, एका वाक्यात उत्तर. दुसऱ्यात चारपैकी तीन, प्रत्येकी दोन गुण; यात शास्त्रीय कारणं आणि फरक. तिसऱ्यात चारपैकी तीन, प्रत्येकी तीन गुण. यात उदाहरणं, आकृती आणि नियमाचा उपयोग. पाच, सहा आणि नऊ मिळून वीस झाले.

बोर्डाच्या चाळीस गुणांच्या पेपरात शेवटी पाच गुणांचा एक प्रश्न असतो, दोनपैकी एक सोडवायचा. तो मी चाचणीत ठेवत नाही आणि का ठेवत नाही हेही मुलांना सांगते. वीसमधले पाच म्हणजे पाव पेपर. तेवढा एक मुद्दा एखाद्याचा राहून गेला असेल तर त्याला बाकीचं काय येतं ते मला दिसणारच नाही. मग एक मुलगा हमखास विचारतो, “बाई, पण बोर्डात असतो ना?” असतो, आणि त्याचा सराव सहामाहीत होतो.

यानंतरचा भाग मला खरा महत्त्वाचा वाटतो. घटकांची नुसती नावं मी लिहीत नाही. प्रत्येक घटकापुढे, त्या घटकाचं काय करता आलं पाहिजे ते लिहिते. गेल्या वर्षीच्या माझ्या वहीत पहिल्या धड्याखाली अशा ओळी आहेत. केप्लरचे तीन नियम शब्दांत सांगता यावेत, आणि दुसऱ्या नियमाची आकृती काढून ग्रह कुठे जोरात आणि कुठे हळू चालतो ते तिच्यावर दाखवता यावं. न्यूटनच्या सूत्रात एक राशी बदलली तर बल किती पट होतं ते सांगता यावं. वस्तुमान आणि वजन यांतला फरक उदाहरणासह लिहिता यावा. उंचीवर, खोलीत आणि ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत गुरुत्वीय त्वरण g कसं बदलतं त्याचं कारण देता यावं. पृथ्वीची ओढ सोडून कायमचं निघून जायला लागणाऱ्या किमान वेगाचं, म्हणजे मुक्तिवेगाचं, सूत्र वापरता यावं; त्याची सिद्धता येणार नाही. G ची किंमत पेपरात दिलेली असेल.

‘सांगता यावं’ आणि ‘करता यावं’ यांतलं अंतर मुलांना दुसऱ्या धड्यावरून चटकन कळतं. डोबेरायनरची त्रिकं पाठ करणाऱ्याला लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे येतं. पण मी फळ्यावर अणुवस्तुमानांसह दोन गट लिहिते: बेरिलियम ९.०१, मॅग्नेशियम २४.३१, कॅल्शियम ४०.०८, आणि मॅग्नेशियम २४.३१, कॅल्शियम ४०.०८, स्ट्रॉन्शियम ८७.६२. यातलं त्रिक कोणतं? टोकांच्या दोघांची सरासरी काढली की पहिल्या गटात साडेचोवीसच्या आसपास येते आणि मधल्या मॅग्नेशियमशी जुळते. दुसऱ्यात जवळजवळ छप्पन्न येते आणि कॅल्शियम बिचारं चाळीसवरच राहतं. त्रिकाची व्याख्या पाठ असूनही इथे अडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि व्याख्या शब्दशः न येताही हे बरोबर करणारीसुद्धा. चाचणीत मला दुसरी गोष्ट पाहायची असेल तर ते आधी सांगायला हवं. न सांगता पाहणं मुलांवर अन्याय आहे असं मी मानते.

तिसऱ्या प्रश्नात कसली उदाहरणं येतील हे दाखवायला मी एक उदाहरण वर्गातच सोडवून घेते. ते पेपरात येणार नाही, हे आधीच सांगून. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एका माणसाचं वजन ६०० न्यूटन आहे. तो पृष्ठभागापासून पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर गेला, तर त्याचं वजन किती? पाच मिनिटं देते, मग वह्या बघत बाकांमधून फिरते. या एका प्रश्नाला चार उत्तरं येतात, आणि कुणाला काय उजळायचं आहे ते प्रत्येक उत्तरावरून कळतं.

काहींचं उत्तर ६००. त्यांनी सूत्रातलं अंतर म्हणून उंची घातलेली असते. उंची त्रिज्येइतकी आहे, म्हणून त्यांच्या लेखी काहीच बदललं नाही. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं असतं, जमिनीपासून नाही, हे त्यांचं निसटलेलं आहे. काहींचं ३००. अंतर दुप्पट झालं हे त्यांना कळलंय, पण त्याचा वर्ग करायचा राहिला. काहींचं थेट शून्य, आणि ही मुलं आपल्या उत्तराविषयी सगळ्यात ठाम असतात, कारण अवकाशस्थानकातले तरंगणारे अंतराळवीर त्यांनी मोबाईलवर पाहिलेले असतात. त्यांच्यासाठी जरा थांबावं लागतं. स्थानक जमिनीपासून साधारण चारशे किलोमीटरवर फिरतं. त्रिज्या ६४०० धरली तर केंद्रापासून ६८०० झाले. एवढ्यावर g ९.८ वरून जेमतेम ८.७ पर्यंत उतरतो. ती माणसं तरंगतात कारण ती स्थानकासकट सतत पडत असतात. बाकीच्यांचं उत्तर १५०: अंतर दुप्पट, वर्ग चार, सहाशेचा चौथा हिस्सा.

मग मी फळ्यावर लिहिते: ६०० आलं असेल तर आकृती काढून अंतर दाखवायचा सराव करा. ३०० आलं असेल तर पाच वेळा ‘किती पट’चे प्रश्न सोडवा. शून्य आलं असेल तर मुक्त पतनाचा भाग पुन्हा वाचा. १५० आलं असेल तर याच माणसाला जमिनीखाली नेऊन पाहा. उजळणीची यादी अशी प्रत्येकाची वेगळी निघते. ती माझ्या मनात आधी नव्हती, ती त्यांच्या वह्यांतून आली.

एककांबद्दलही याच तासाला बोलते, कारण तिसऱ्या प्रश्नातले गुण सगळ्यात जास्त तिथे गळतात. मुक्तिवेगाचं सूत्र आहे:

```
v = √(2gR)
```

g ९.८ आणि R ६४०० किलोमीटर. किलोमीटरचे मीटर केले, म्हणजे ६४,००,००० घेतले, तर उत्तर सेकंदाला ११,२०० मीटर येतं. न करता ६४०० तसेच घातले तर सेकंदाला सुमारे ३५४ मीटर. मी विचारते, हे उत्तर चुकलंय हे सूत्राकडे न बघता कसं ओळखाल? पहिल्यांदा विचारलं तेव्हा वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरचा, एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “बाई, रायफलची गोळी याच्यापेक्षा जोरात जाते. मग ती परत खाली पडायलाच नको.” एवढं नेमकं मला पुस्तकातही सापडलं नव्हतं. तेव्हापासून ते वाक्य त्याचं म्हणूनच मी दरवर्षी वर्गात सांगते.

गुण कसे देणार हेही लपवत नाही. तीन गुणांच्या उदाहरणात सूत्राला एक, किंमती योग्य एककात घालण्याला एक, एककासह उत्तराला एक. एकक नसेल तर शेवटच्या गुणातला अर्धा जातो. आकृतीला एक गुण असेल तर तो नावं दिल्याशिवाय मिळत नाही. गुणदान योजना आधी सांगितली तर मुलं गुणांपुरतंच लिहितात, असं आमच्या शिक्षककक्षात एकदा बोलणं झालं. मला तसं दिसलं नाही. उलट किंमती घालण्याचा वेगळा गुण आहे म्हटल्यावर, उत्तराचं धाडस न करणारी मुलंही निदान दोन पायऱ्या लिहायला लागली. कोरी जागा कमी झाली, आणि मला तपासायला काहीतरी मिळू लागलं.

“बाई, आयएमपी सांगा ना.” ही मागणी दरवर्षी होते आणि ती मी दरवर्षी नाकारते. का, तेही त्यांना समजावते. दोन धड्यांत विचारता येतील असे साठसत्तर प्रश्न सहज निघतात. पेपरात त्यातले तेरा असतात. भाताचं एक शीत चेपून भात शिजला का ते बघतात, तसं या तेरांवरून मी साठांचा अंदाज घेते. पण कोणतं शीत चेपणार हे आधीच सांगून तेवढंच शिजवून आणलं, तर भाताचं मला काहीच कळत नाही. म्हणून प्रश्नाचा प्रकार सांगायचा, प्रश्न सांगायचा नाही. ही रेघ कुठे ओढायची हे मला अजूनही दरवेळी विचार करून ठरवावं लागतं. ‘उंचीनुसार वजन बदलण्याचं उदाहरण येईल’ इतकं मी सांगते. उंची किती पट असेल ते सांगत नाही.

अभ्यास कसा करायचा यावर फक्त एकच गोष्ट सांगते. धडा वाचून झाला की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग पुस्तक उघडून राहिलेलं हिरव्या पेनने भरा. यामागे एक प्रयोग आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं उलटलं: वाचणारे ४२ वर आले, आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. मुलांना मी आकडे सांगते, कारण त्यांचा रोजचा अनुभव याच्या नेमका उलटा असतो. दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, येतंय असं वाटतं. ते वाटणं खरंच आहे, पण पाच मिनिटांपुरतं. आमची चाचणी आठ दिवसांनी असते.

एका मुलीच्या वडिलांचा एकदा फोन आला. “बाई, पोरगी पुस्तक मिटून बसती आन् भिंतीकडं बघती. अभ्यास करती म्हनावं का नुस्ती बसती?” मी म्हटलं, “दादा, तिच्या कागदावर हिरवी शाई किती आहे तेवढं बघा. रोज कमी होत असेल तर अभ्यास चाललाय.”

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यात, पालखीमार्गाजवळ. आषाढात दिंड्या मुक्कामाला आल्या की वर्ग त्यांना द्यावे लागतात. बाक बाहेर व्हरांड्यात रचले जातात, फळ्यावर कुणीतरी रामकृष्णहरी लिहून ठेवतं. मुलं पाणी द्यायला, जेवण वाढायला जातात, काही घरच्यांबरोबर पंढरपूरपर्यंत चालतात. पहिली चाचणी एकादशीच्या पुढे सरकते, आणि सूचना मात्र त्याआधीच द्यावी लागते. गेल्या वर्षी मी सूचना दिली तेव्हा पाचसहा मुलं नव्हती. त्यांना ती मित्रांकडून कळली. चाचणीच्या दिवशी एक मुलगा पेपर बघून रडवेला झाला. म्हणाला, “बाई, तुम्ही सूत्रं येणार नाहीत म्हणाला होतात.” मी म्हणाले होते की मुक्तिवेगाची सिद्धता येणार नाही. तीन तोंडांतून जाताना सिद्धतेचं सूत्र झालं होतं, आणि एकाची सगळी झाली होती. त्याची चूक नव्हती. त्याला मी पुढच्या सोमवारी दुसरा पेपर दिला.

आता सूचना तोंडी देऊन झाली की वर्गातल्या एकाला उठवून माझ्यासमोर ती परत म्हणायला लावते. काय येणार, काय येणार नाही, काय करता आलं पाहिजे. तिथेच दोनतीन गैरसमज सापडतात. तोच मजकूर कागदावर लिहून सूचनाफलकावर लावते आणि त्याचा फोटो पालकांच्या गटावर टाकते. ‘येणार नाही’ ही ओळ सगळ्यात शेवटी, वेगळी, खाली रेघ मारून. कारण मधे असली की ‘नाही’ गळतं आणि उरलेलं तेवढं फिरत राहतं.

या वर्षीची सूचना लावून मी परत फळ्याशी आले तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “बाई, तुम्ही लिहिलंय ‘उंचीवरचं वजन काढता यावं’. पण पेपरात अंतर केंद्रापासून देणार का जमिनीपासून?”

मी म्हटलं, “दोन्ही येऊ शकतं. वाचून ओळखायचं.”

“मग ते लिहा ना त्यात.”

मी कागद काढून आणला आणि त्या ओळीपुढे लिहिलं: अंतर कुठून दिलं आहे ते आधी आकृतीत दाखवावं. तिने वाचून पाहिलं, मान हलवली, आणि मी तो पुन्हा फलकावर लावून आले.